तीन मिनिटं बारा सेकंद

माझ्या बाबांनी माझ्या व्हिडिओखालची पहिली कॉमेंट वाचली तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी मला बकरी म्हणतंय.

झालं असं, की २०२३ च्या पावसाळ्यात मी माझ्या कथकचा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. चार मिनिटं वीस सेकंदांचा. एरंडवण्यात आमच्या ताईंचा क्लास आहे, तिथल्या हॉलमध्ये रविवारी सकाळी शूट केलेला. लाइट्स नाहीत, स्टेज नाही. एक तबला, एक पेटी, मागे अर्धवट मिटलेली खिडकी आणि मध्ये मी. हिंजवडीतल्या नोकरीने पाच वर्षं पायांतले घुंगरू काढायला लावले होते. ते पुन्हा बांधल्यावरचा हा पहिलाच व्हिडिओ. त्यामुळे तुम्हाला तो साधा वाटला तरी मला सॉलिड टेन्शन होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबा फोन नाकाजवळ धरून बसले होते. चष्मा कपाळावर, भुवया वर.

"चिऊ, हे काय लिहिलंय गं? जी-ओ-ए-टी. गोट. म्हणजे बकरीच ना?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी त्यांना समजावलं, की बाबा, ही शिवी नाही, 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं आहेत, म्हणजे कौतुकच आहे. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग सरळ 'छान' म्हणायला काय होतं?"

माझे बाबा एकतीस वर्षं एका बँकेत कॅशियर होते. आकड्यांचा माणूस. नाच हा आमच्या घरात आईचा विषय. बाबांचा त्यातला वाटा म्हणजे स्कूटर. शाळेपासून नोकरी लागेपर्यंत क्लास सुटायच्या वेळी ते खाली हजर असायचे, स्टँडवर लावलेल्या स्कूटरला टेकून पेपर वाचत. वर कधी आले नाहीत. मध्यमाच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा खालीच. "मला त्यातलं काय कळतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण कॉमेंट वाचता येतात, नाही का? म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली.

पहिला आठवडा नुसता लिपी शिकण्यात गेला. मराठी माणसाने इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचायचं म्हणजे खायचं काम नाही. 'khup chan' वर ते एक मिनिट थांबले. 'kdk' म्हणजे 'कडक' हे त्यांना शेजारच्या दहावीतल्या मुलाने सांगितलं. '1 no' चा अर्थ 'एक नंबर' आहे हे कळेपर्यंत ते त्या माणसावर नाराज होते, कारण त्यांनी ते 'एक नो' असं वाचलं होतं आणि त्यांच्या मते तो नकार देत होता. एकाने नुसत्या तीन ज्वाळा काढल्या होत्या. बाबांनी विचारलं, "आग लागली म्हणतोय का?" मी म्हटलं, "हो, पण चांगल्या अर्थाने."

मग रोज सकाळी चहाबरोबर कॉमेंट-वाचन सुरू झालं. मोठ्याने. मला लाज वाटायची आणि जाम मजाही यायची. आणि मग तो मंगळवार आला.

ऑफिसच्या बसमध्ये होते, तेव्हा आईचा फोन. "बाबा बोलत नाहीयेत. तुझ्या व्हिडिओखाली काहीतरी वाचलंय त्यांनी."

मी उघडून बघितलं. वरून तिसरीच होती. माझ्या नाचाबद्दल एक अक्षर नाही, सगळं माझ्या वजनाबद्दल. म्हैस, जमीन, भूकंप वगैरे. तुम्ही ऑनलाइन वावरत असाल तर असल्या गोष्टी तुमच्याही नजरेखालून गेल्या असतील. आपण 'चालायचंच' म्हणून स्क्रोल करतो. बाबांना स्क्रोल करता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ते कुणीतरी दारात येऊन बोलल्यासारखं होतं.

आणि त्यांनी दारात आलेल्या माणसाला जसं उत्तर देतात तसं उत्तर दिलं होतं. तासभर खपून, एकेक अक्षर शोधून, मराठीत: "महोदय, आपली टिप्पणी अशोभनीय आहे. ती कृपया मागे घ्यावी. आपला नम्र." त्याखाली नागपूरची आत्या, तिने तर सरळ आईबाप काढले होते. त्याखाली चौदा रिप्लाय. काही बाबांच्या 'आपला नम्र'वर हसणारे, काही आत्याशी भांडणारे.

रात्री घरी पोचले तर बाबा हॉलमध्ये अंधारात बसलेले.

"काढून टाक तो व्हिडिओ."

"का?"

"लोक असं बोलणार असतील तर कशाला पाहिजे? तुला चांगली नोकरी आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पाच वर्षांपूर्वी, नोकरी लागली तेव्हा, थोड्या वेगळ्या शब्दांत. तेव्हा मी ऐकलं होतं आणि घुंगरू माळ्यावर गेले होते. या वेळी माझा आवाज चढला. "बाबा, एक सांगा. तुम्ही रोज कॉमेंट वाचता. व्हिडिओ पूर्ण बघितलाय का?"

ते काहीच बोलले नाहीत. मला उत्तर मिळालं. चार मिनिटं वीस सेकंदांतला त्यांनी पहिला अर्धा मिनिट बघितला होता, तोही मी ओळखू येते का हे बघायला. बाकी सगळा वेळ ते माझ्याबद्दल लोक काय म्हणतात तेच वाचत होते. खाली, स्कूटरला टेकून, पुन्हा एकदा.

तीन दिवस आमच्यात 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच बोलणं झालं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, काढायचं तर काय काढायचं ते तरी बघू. आधी त्यांना दाखवलं, की कॉमेंटची यादी दोन प्रकारे लावता येते. एक 'टॉप', म्हणजे ज्यांना लाइक आणि रिप्लाय बरेच मिळालेत त्या वर येण्याची शक्यता जास्त. दुसरी 'नवीन', म्हणजे ज्या क्रमाने आल्या त्याच्या उलट. 'नवीन' लावल्यावर ती म्हैसवाली कॉमेंट कुठल्या कुठे खाली गेली.

बाबा हुशार आहेत. त्यांना लगेच कळलं. "म्हणजे मी आणि ताईनेच तिला वर आणली?"

बऱ्यापैकी, हो. भांडण हासुद्धा रिप्लायच असतो.

मग ती कॉमेंट डिलीट केली. तिच्याबरोबर सगळे रिप्लायही गेले, आत्याच्या शिव्यांसकट. त्यानंतर त्या माणसाला चॅनेलवरून 'हाइड' केलं. यात गंमत अशी, की त्याला तसं कळवलं जात नाही. तो पुन्हा काहीही लिहू शकतो, फक्त ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. बाबांना हे फारच आवडलं. "म्हणजे काउंटर बंद, पण तो रांगेत उभाच!" शेवटी मी सेटिंगमध्ये काही शब्दांची यादी घातली. त्यातला शब्द आला, की कॉमेंट आधी माझ्याकडे तपासायला येते आणि मी सोडली तरच दिसते. यादी बाबांनीच सांगितली. इतके शब्द त्यांना माहीत आहेत हे मला तेव्हा कळलं.

याला मर्यादा आहे हेही लक्षात आलं. शब्द अडवता येतो, कुत्सितपणा नाही. एकही वाईट शब्द न वापरता घाण लिहिणारे असतातच. म्हणजे वाचणाऱ्यालाच पारख यायला हवी.

आणि इथून पुढे बाबांमधला कॅशियर जागा झाला.

रविवारी सकाळी बघते तर त्यांच्यापुढे एक लांबट वही, पट्टीने आखलेले तीन रकाने. वर लिहिलेलं: खऱ्या, खोट्या, फाटक्या.

"हे काय?"

"नोटा तपासायच्या तशा तपासतोय. कॅशियर नोट आधी बोटांनी ओळखतो. कागदाचा करकरीतपणा, उठावाची छपाई. शंका आली तर उजेडात धरायची, वॉटरमार्क बघायचा, धागा बघायचा. इथे उजेड कुठला, ते शोधत होतो."

त्यांनी शोधलेला उजेड असा होता: कॉमेंट उचलायची आणि मनातल्या मनात दुसऱ्याच कुठल्या तरी व्हिडिओखाली ठेवून बघायची. पोळ्यांच्या रेसिपीखाली, क्रिकेटच्या हायलाइट्सखाली. तिथेही ती फिट बसली तर लिहिणाऱ्याने माझा व्हिडिओ बघितल्याचा पुरावा नाही. 'अप्रतिम, असेच पुढे जात राहा, माझ्या चॅनेललाही भेट द्या' ही पोळ्यांखालीही चालते. खोटी. म्हैसवाली कुठल्याही बाईच्या व्हिडिओखाली चालली असती. तीही खोटी. शिवी असो की स्तुती, परीक्षा एकच. यामुळे त्यांचा राग बराच उतरला. "त्याने तुला बघितलंच नाही गं," मला म्हणाले. "त्याच्याकडे एकच नोट आहे छापलेली, ती तो सगळीकडे खपवतो."

उलट कुणीतरी लिहिलं होतं, 'खिडकीतून आलेला पावसाचा आवाज आणि तुमचं तत्कार, दोन्ही एकदम.' ही दुसरीकडे चालणार नाही. खरी. मग बाबांना तो पाऊस ऐकायचा होता, म्हणून त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. पहिल्यांदा.

"आणि फाटक्या म्हणजे?"

"फाटकी नोट दिसायला वाईट. गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण ती खोटी नसते. बँकेत बदलून मिळते."

त्या रकान्यात एकच कॉमेंट होती: "ताई, ३:१२ ला सम हुकलीये. हसून झाकू नका. रियाज करा."

माझ्या पोटात गोळा आला. ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती आणि पुढे गेले होते.

आता तुम्हाला थोडं तालाचं सांगायला हवं, घाबरू नका. तीनताल म्हणजे सोळा मात्रांचं एक चक्र. त्याला आवर्तन म्हणतात. पहिली मात्रा ती सम. चक्र फिरून तिथेच येतं आणि नाचणारी, तबलजी, ऐकणारे सगळे तिथे भेटतात. नववी मात्रा ती खाली, तिथे टाळी न देता हात उलटा करतात. पेटीवर सतत एकच धून वाजत असते, तो लेहरा. ती बरोबर सोळा मात्रांची असते, म्हणजे ती जिथून पुन्हा सुरू होते तिथे सम.

आणि तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून शेवट बरोबर समेवर आणायचा. मी घेतलेली तिहाई अगदी बाळबोध होती, पहिल्या काही वर्षांत शिकवतात ती. 'तिग्दा दिगदिग थेई'. तीन मात्रा. तीनदा म्हणजे नऊ. नवव्या मात्रेपासून सुरू केली तर नऊ, दहा, अकरा, असं करत शेवटचा 'थेई' सतराव्या मात्रेवर पडतो. सोळाच्या चक्रात सतरावी म्हणजे पुढची पहिली. म्हणजेच सम.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आईला विचारून घेतलं आणि मग पेन्सिल घेऊन बसले. व्हिडिओत त्या भागात एक आवर्तन आठ सेकंदांत फिरत होतं, म्हणजे एका मात्रेला अर्धा सेकंद. खाली ३:०८ ला, सम ३:१२ ला. वहीत सोळा चौकोन काढलेले होते, प्रत्येकात एक बोल.

"चिऊ, तबला बारावर पडतो. तुझा पाय जरा उशिरा."

मी म्हटलं, "बाबा, ऑडिओ आणि व्हिडिओ सिंक नसेल. फोनवर होतं असं, ब्लूटूथवर तर हमखास."

हे खोटं नाही, होतं तसं. पण मला माहीत होतं की मी सबब सांगतेय.

बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सिंकचा घोळ असता तर आधीच्या सगळ्या समाही चुकलेल्या दिसल्या असत्या. ३:०४, २:५६, २:४८ त्यांनी तपासल्या होत्या, पाय आणि तबला एकत्र. दुसरी मला गप्प करणारी होती. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "आता चित्रच नाही. ऐक. घुंगरू आणि तबला एकाच माइकमध्ये आहेत ना? मग त्यांच्यात फरक कसा पडेल?"

आम्ही दोघांनी डोळे मिटून ऐकलं. तबल्याचा धा. आणि मग, अर्ध्या सेकंदाने, एकटे माझे घुंगरू.

त्यानंतर व्हिडिओत मी हसते. छान हसते, कॅमेऱ्याकडे बघून. एवढे लोक बघून गेले, त्या हसण्यावर ज्वाळा टाकून गेले, आणि मीसुद्धा स्वतःला सांगितलं होतं की कुणाला कळणार आहे.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं? तो असं बोलला म्हणून?" मी विचारलं.

"बोलला वाकडंच," बाबा म्हणाले. "पण तो तीन मिनिटं बारा सेकंदांपर्यंत थांबला होता. मी थांबलो नव्हतो."

पुढच्या क्लासला मी ताईंना दाखवलं. त्यांना वही लागली नाही. एकदाच ऐकून म्हणाल्या, "दुसऱ्या 'थेई'वर रेंगाळतेस." खरंच होतं. दुसऱ्या वेळचा 'थेई' चौदाव्या मात्रेवर पडून लगेच पंधराव्याला तिसरा तुकडा सुरू व्हायला हवा. मी तिथे ऐटीत एक मात्रा जास्त थांबले, तिसरा तुकडा सोळाव्यावर सुरू झाला आणि शेवट समेऐवजी दुसऱ्या मात्रेवर. पाच वर्षांच्या सुट्टीने पाय नाही बिघडले, मोजणी बिघडली होती. ताईंनी महिनाभर त्या तिहाईला पाय लावू दिले नाहीत. नुसती पढंत, म्हणजे हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे. एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला हात उलटा. हात चालू असताना तोंड रेंगाळलं, की आपलं आपल्यालाच लगेच कळतं.

घरी मी पढंत करायचे तेव्हा बाबा पेपर वाचायचे. पण नवव्या मात्रेला त्यांचा हात गुडघ्यावर उलटा व्हायचा. मी बघितलंय.

तो व्हिडिओ मी काढला नाही. चुकीसकट आहे. त्या ३:१२ वाल्या कॉमेंटला मी लिहिलं, "बरोबर आहे. दुसऱ्या थेईवर थांबले. रियाज सुरू आहे." त्याने एक नमस्कार पाठवला, बाकी काही नाही. तो कोण आहे मला आजही माहीत नाही.

नवा व्हिडिओ शूट करायला जानेवारी उजाडला. तोच हॉल, तीच खिडकी, तीच तिहाई. बाबांनी नेहमीसारखी स्कूटर आणली होती. मी म्हटलं, "पेपर खाली वाचणार की वर?" ते चपला काढून वर आले आणि भिंतीशी, पेटीच्या बाजूला बसले.

व्हिडिओ टाकला त्या रात्री झोपायच्या आधी फोन बघितला. पहिलीच कॉमेंट होती, शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट.

"२:३६ ला सम बरोबर आली. चार वेळा तपासली. आपला नम्र."